जिनपिंग की चिनफिंग? चिनी व्यंजनांची किल्ली आपल्या वर्णमालेत

चीनच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव मराठी वर्तमानपत्रांत 'शी जिनपिंग' असं छापून येतं. काही हिंदी वर्तमानपत्रं मात्र 'शी चिनफिंग' लिहितात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा मुद्राराक्षसाचा विनोद वाटतो. पण चिनी वृत्तनिवेदकाच्या तोंडून हेच नाव कान देऊन ऐका. जिथे आपण 'ज' म्हणतो तिथे त्याच्या तोंडून 'च' येतो, आणि आपल्या 'प'च्या जागी ओठांतून हवेचा झोत सुटतो, म्हणजे 'फ'. व्यंजनांपुरतं पाहिलं तर हिंदी छापणाऱ्यांचं बरोबर आहे.

रोमन अक्षरांत हे नाव Jinping असंच लिहितात, आणि तेही चूक नाही. मग j चा च आणि p चा फ कसा होतो? चिनी शिकायला बसलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात इथेच अडखळतो. गंमत अशी की या कोड्याचं जवळजवळ सगळं उत्तर त्यानं पहिलीत पाटीवर गिरवलेलं असतं.

## दिवा आणि पंखा

क, ख, ग, घ सावकाश म्हणा. चारही वेळा जीभ एकाच जागी, टाळूच्या मागच्या भागाला टेकते. मग चार वेगळे आवाज कसे होतात? कारण या वर्गात दोन बटणं आहेत. एक गळ्याचं: स्वरतंतू गुणगुणू लागतात का? दुसरं श्वासाचं: जीभ सुटल्यावर हवा फुटून बाहेर येते का?

खोलीत एक दिवा आणि एक पंखा आहे असं समजा. दोन्ही बंद, तर क. फक्त पंखा लावला, तर ख. फक्त दिवा लावला, तर ग. दोन्ही चालू, तर घ. शाळेच्या व्याकरणात दिव्याला 'घोष' आणि पंख्याला 'प्राण' म्हणायचे: दिवा बंद असलेली व्यंजनं अघोष, आणि पंखा नसेल तर अल्पप्राण, असेल तर महाप्राण. एवढ्या संज्ञा पुरेत.

मँडरिन चिनीच्या, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेच्या, खोलीत दिवाच बसवलेला नाही. फक्त पंखा आहे. तिथे क आणि ख आहेत, ग आणि घ नाहीत. त आणि थ आहेत, द आणि ध नाहीत. प आणि ओठ मिटून म्हटलेला फ आहे, ब आणि भ नाहीत. अर्थ बदलायचं काम एकटा पंखा करतो.

हा फरक मोजताही येतो. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्याचा आवाज सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, ते मोजायचं. लिस्कर आणि अब्रामसन या अमेरिकी संशोधकांनी 1964 साली अकरा भाषांची अशी मोजमापं प्रसिद्ध केली, आणि त्यांत मराठी होती. 'प' म्हणताना हे अंतर अगदी थोडं असतं, सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. महाप्राण व्यंजनात ते त्याच्या कितीतरी पट वाढतं. मँडरिनमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जातं. 'ब' म्हणताना उलटंच घडतं: ओठ सुटायच्या आधीच गळा गुणगुणू लागलेला असतो. गळ्यावर दोन बोटं ठेवून 'ब' म्हणण्यापूर्वी थोडं थांबा, ती गुणगुण बोटांना लागते. मँडरिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला अशी गुणगुण होत नाही.

## मग चिनी लोक b, d, g का लिहितात?

कारण रोमन लिपीत पंख्यासाठी वेगळं अक्षर नाही. एकोणिसाव्या शतकात थॉमस वेड आणि नंतर हर्बर्ट जाइल्स या इंग्रजांनी चिनी उच्चार रोमनमध्ये लिहायची पद्धत बसवली. त्यांनी प साठी p लिहिला आणि फ साठी त्यालाच एक चिन्ह जोडलं: p'. तसेच t आणि t', k आणि k'. पद्धत ध्वनींशी प्रामाणिक होती, पण ते बारीक चिन्ह छापखान्यात, नकाशांवर, पाट्यांवर गळून पडायचं. तैवानच्या राजधानीचं नाव T'ai-pei असं लिहायचं, म्हणजे थ आणि प. चिन्ह गळालं आणि उरलं Taipei. आता त्यातल्या t वर पंखा आहे आणि p वर नाही, हे नुसतं वाचून कोणाला कळणार?

चीननं 1958 साली फिनयिन ही नवी पद्धत स्वीकारली. (आपण तिला पिनयिन म्हणतो. तिच्या नावातच हा घोळ आहे.) फिनयिन रचणाऱ्यांनी व्यवहारी विचार केला. आपल्या भाषेत ब, द, ग नाहीतच, म्हणजे b, d, g ही अक्षरं रिकामी पडली आहेत. मग पंखा नसलेल्या प, त, क साठी b, d, g वापरू आणि पंखा असलेल्या फ, थ, ख साठी p, t, k. वरचं चिन्ह लागणारच नाही. रोमन अक्षर म्हणजे इंग्रजी उच्चार असं गृहीत धरायचं त्यांना कारण नव्हतं. ते आपल्यासारख्यांनी धरलं.

1979 पासून चीननं परदेशी भाषांतल्या आपल्या प्रकाशनांत फिनयिन वापरायला सुरुवात केली, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांतली नावं बदलली. जुन्या मराठी लेखांत 'चौ एन लाय' आणि 'माओ त्से तुंग' भेटतात. आता त्यांची 'झोऊ एनलाय' आणि 'माओ झेडाँग' झाली आहेत. नवं म्हणजे अधिक अचूक, असं आपण समजतो. या दोन नावांत तरी जुनं रूप मूळ उच्चाराच्या जवळ होतं: 'चौ'मध्ये च होता, 'तुंग'मध्ये त होता, आणि चिनी माणूसही तेच म्हणतो. 'झ' आणि 'ड' आपण फिनयिन इंग्रजीसारखं वाचल्यानं आले.

## ससा पळाला की पोट भरलं?

उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं, समजून घेतील की, असं कोणी म्हणेल. नेमकं काय बिघडतं ते दोन वाक्यांत पाहू.

tùzi pǎo le म्हणजे ससा पळाला.
dùzi bǎo le म्हणजे पोट भरलं.

चिनी मुलांच्या जीभवळणीत ही जोडी सापडते. दोन्ही वाक्यांतले स्वर सारखे, सूरही सारखे. (अक्षरांवरच्या खुणा सुरांच्या आहेत.) फरक फक्त दोन ठिकाणी पंख्याचा. देवनागरीत लिहिलं तर ससा म्हणजे 'थूच फाओ ल' आणि पोट म्हणजे 'तूच पाओ ल'. यातला 'च' चमच्यातला, त्याच्याकडे पुढे येऊ.

मराठी विद्यार्थी पुस्तक उघडतो. d दिसला की द किंवा ड म्हणतो, b दिसला की ब. t दिसला की इंग्रजी शाळेच्या सवयीनं ट, p दिसला की प, कारण आपण 'पेन'ला पेनच म्हणतो, 'फेन' नाही. त्याच्या कानाला सगळं ठीक वाटतं: दोन वाक्यांसाठी त्यानं वेगळे आवाज काढले, एकदा द-ब, एकदा ट-प.

आता ऐकणारा चिनी माणूस. त्याचे कान फक्त पंखा शोधतात. 'ब'मध्ये पंखा नाही, म्हणजे b. 'प'मध्येही नाही, म्हणजे पुन्हा b. द आणि ट, दोन्ही d. विद्यार्थी ससा पळाल्याचं सांगतो आणि समोरच्याला दोन्ही वेळा पोट भरल्याचं कळतं. विद्यार्थ्यानं फरक केला, पण तो दिव्याचा केला. या खोलीत दिव्याकडे कोणी बघत नाही.

म्हणून दोन चुकांचं वजन सारखं नाही. b ला ब म्हटलात तर परकेपणा जाणवेल, शब्द मात्र समजेल. p ला प म्हटलात तर शब्दच बदलेल. आधी दुसरी चूक सुधारावी. p, t, k दिसले की फ, थ, ख. एवढं जमलं की निम्म्याहून जास्त काम झालं, आणि b, d, g ना प, त, क म्हणणं त्यामागोमाग येतं.

शिवाय t आणि d साठी ट-ड कडे जाऊ नका. चिनी जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, आपल्या त-थ सारखी.

## डॉ. कोटणीसांचा 'ख'

हाच प्रकार उलट्या बाजूनं पाहिला की चिनी कान अधिक चांगला समजतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये ते Kē Dìhuá या नावानं ओळखले जातात. शेवटचा huá म्हणजे चीन. सुरुवातीचा Kē म्हणजे कोटणीसांमधला 'को'. पण फिनयिनचा k म्हणजे ख. चिनी माणूस आपल्या कोटणीसांना 'ख' म्हणतो, आणि त्यापुढचा स्वर अ आणि ओ यांच्या मधला कुठला तरी. मधला Dì, उच्चार 'ती', हा कोटणीसांमधल्या 'ट'साठी आला.

'को'ला त्यांनी सरळ 'क' का दिला नाही, तो तर त्यांच्याकडे आहे? कारण तो 'क' आधीच ग साठी खर्च झालेला असतो. परकी नावं चिनीत लिहिताना रोमन G साठी सहसा 'क'वाली अक्षरं वापरतात आणि K साठी 'ख'वाली. आपल्या चार खोल्यांतली माणसं त्यांच्या दोन खोल्यांत बसवायची, तर कोणाला तरी सरकावं लागतं. त्यामुळे गांधी तिथे Gāndì होतात, उच्चार 'कान्ती'. मोदी Mòdí होतात, त्यातला द 'त' होऊन. पुणं Pǔnà, म्हणजे 'फूना'. आणि गोवा Guǒ'ā, म्हणजे 'क्वोआ'. पुणेकरांना हे रुचणार नाही, पण आपण तरी बीजिंग म्हणून काय वेगळं करतो? Běijīng मध्ये ना ब आहे ना ज. तो 'पेइचिंग' आहे.

## च च्या तीन जोड्या, आणि मराठीची खास सोय

इथवर हिंदी माणूसही आपल्याबरोबर चालला. पुढे मराठी माणसाला थोडी आघाडी आहे.

फिनयिनमध्ये च सारख्या आवाजांच्या तीन जोड्या आहेत: j आणि q, z आणि c, zh आणि ch. प्रत्येक जोडीत पहिल्याला पंखा नाही, दुसऱ्याला आहे. इंग्रजी डोळ्यांनी पाहिलं तर यांत काही ताळमेळ दिसत नाही.

मराठीत 'च' एकच लिहितात, पण बोलतात दोन. 'चिंच' म्हणा, मग 'चमचा' म्हणा. चिंचेत जीभ टाळूला चिकटते, चमच्यात ती दातांमागे जाते आणि 'त्स' ऐकू येतो. प्रमाण हिंदीत हा दुसरा च नाही. फिनयिनचा j म्हणजे चिंचेतला च, आणि z म्हणजे चमच्यातला. z पाहून 'झ' किंवा जहाजातला 'ज' म्हणायचा मोह होतो. तो आवरायचा.

q सोपा आहे: छत्रीतला छ, फक्त जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून. 'आज'साठी चिनी शब्द jīntiān, म्हणजे 'चिन्थ्येन'. 'पैसे'साठी qián, म्हणजे 'छ्येन'.

c मात्र आपल्याकडे नाही. चमच्यातल्या च चा महाप्राण मराठीत नाही. आपला छ नेहमी टाळूजवळचाच असतो. पण तो तयार करता येतो. 'पाच हजार' म्हणा. 'पाच'मधला च चमच्यातलाच आहे. आता दोन शब्दांमधली फट काढून टाका: 'पाच्हजार'. मध्ये जो आवाज झाला तो फिनयिनचा c. पुढचं 'पा' सोडून द्या, मागचं 'जार' सोडून द्या, मधलं उरेल तेवढं दहा वेळा म्हणा. cài म्हणजे भाजी किंवा पदार्थ, आणि तो zài च्या जवळ गेला तर अर्थ 'आहे' किंवा 'पुन्हा' असा होतो.

zh आणि ch साठी ट च्या जागी जीभ टेकवा, पण ती एकदम सोडू नका. हळू सरकवत ष मध्ये सोडा: 'ट्ष'. झाला zh. त्याच्यामागून श्वास ढकलला की ch. ळ म्हणताना जीभ जेवढी मागे वळते तेवढी इथे वळवायची नाही, फक्त टोक वर उचलायचं. ही जोडी आपल्याला आयती मिळत नाही. वेळ लागतो.

## आपला फ बिघडला आहे

आयत्या मिळालेल्या वस्तूंपैकी एक तपासून घ्यावी लागते. मराठीतला मूळ फ ओठ मिटून म्हणायचा. आज शहरात बरेच जण 'फळ', 'फूल' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर ठेवतात आणि इंग्रजी f काढतात. मँडरिनमध्ये f वेगळा आहे आणि p वेगळा. pàng म्हणजे जाड, fàng म्हणजे ठेवणे किंवा सोडणे. दोघांना एकच आवाज दिला तर पुन्हा ससा आणि पोट.

ओळखायचं कसं? तुमचा फ 'फ्फ्फ्फ' असा लांबवता येत असेल तर तो f आहे. खरा फ लांबत नाही, फुटतो. दुरुस्तीसाठी 'फुप्फुस' हा शब्द कामाला येतो. मधल्या 'प्फ'साठी ओठ मिटावेच लागतात, तिथे फसवणूक करता येत नाही. 'फुप्फुस' म्हणता म्हणता दुसऱ्या 'फु'पाशी थांबा आणि तोच सुट्टा म्हणायला लागा.

आपली आणखी एक जुनी सवय आड येते. मराठी शब्दाच्या सुरुवातीला महाप्राण जपते, पण मध्ये आणि शेवटी तो सैल सोडते. हिंदीचा हाथ आपल्याकडे हात, भूख आपल्याकडे भूक. 'दूध' लिहितो आणि 'दूद' म्हणतो. चिनीत ही सवलत नाही. jīntiān मधला t दुसऱ्या अक्षराच्या सुरुवातीला आहे, तरी पूर्ण श्वासानं 'थ' हवा. शब्दाच्या सुरुवातीचा थ जमू लागला तरी दुसऱ्या अक्षरात 'चिन्त्येन' निसटू शकतं.

## पण मला तर 'ब' ऐकू येतो!

चिनी चित्रपट पाहणारे हा आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. bàba म्हणजे बाबा. त्यातला पहिला b 'प' आहे, पण दुसरं अक्षर चिनीत जोर न देता, भरभर, सूर सोडून म्हणतात. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या अशा दुबळ्या प ला शेजारच्या स्वरांची गुणगुण लागते, आणि आपल्या कानाला 'पाबा' ऐकू येतं. gēge, म्हणजे मोठा भाऊ, याचंही तसंच. tùzi मधला z याच कारणानं 'द्झ'कडे झुकतो. चिनी माणसाला विचारलं तर तो दोन्ही b सारखेच आहेत असं सांगेल, कारण हा बदल त्याच्या लक्षातही येत नाही. शिकणाऱ्यानं मुद्दाम काही करायचं नाही. प म्हणत राहा, बोलण्याचा वेग वाढला की तो आपोआप मऊ होतो.

## मग सगळं देवनागरीतच लिहून घेऊ का?

वहीच्या समासात पहिले काही आठवडे जरूर लिहा. b समोर प, p समोर फ, असा तक्ता भिंतीवर लावला तरी हरकत नाही. पण देवनागरी व्यंजनांपुरतीच चांगली. zi, zhi, e यांतल्या स्वरांना आपल्याकडे अक्षर नाही, आणि सुरांना तर नाहीच. शिवाय फोनवर किंवा संगणकावर चिनी टाइप करायचं तर फिनयिनच लागतं: पेइचिंग लिहायला कळफलकावर beijing हीच अक्षरं दाबावी लागतात. डोळ्यांनी फिनयिन, तोंडानं क-ख, अशी दुहेरी सवय लावावी लागते.

वर्तमानपत्रांनी 'जिनपिंग' बदलावं असं मात्र मला वाटत नाही. ते नाव आता मराठीत रुळलं आहे, आणि वाचकाला बातमी कळायला हवी, ध्वनिशास्त्र नाही.

शिकणाऱ्यासाठी एक साधी चाचणी आहे. पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा. bǎo म्हणताना ती जवळजवळ स्थिर राहायला हवी, pǎo म्हणताना उडायला हवी. k आणि t ला ती थोडी कमी उडेल, कारण हवा ओठांपर्यंत येता येता पसरते. तिथे पट्टीऐवजी ओठांसमोर ओला तळहात धरा.

आणि ओळखीचं कोणी चिनी बोलणारं असेल तर एका कागदावर ससा आणि एका कागदावर पोट काढून त्याच्यासमोर ठेवा. पाठमोरे उभे राहून वीसदा tùzi किंवा dùzi म्हणा, मनाला येईल तसं, आणि काय म्हणालात ते लिहून ठेवा. तो दर वेळी ऐकलेल्या चित्रावर बोट ठेवेल आणि ते तिसरा कोणी लिहून घेईल. शेवटी दोन याद्या जुळवा. पहिल्या फेरीत ससा बहुधा फारसा दिसणार नाही.